वाचनालयाच्या छपराबाबत दोन पर्याय : २२ मार्चपर्यंत निर्णय मिळावा

दिनांक : ५ मार्च २०२५

मा. अध्यक्ष महोदय,
सार्वजनिक वाचनालय, (सध्या मुक्काम मुंबई)

सप्रेम नमस्कार.

वाचनालयाचे छप्पर येत्या पावसाळ्यापूर्वी बदलणे भाग आहे, हे कार्यकारी मंडळाच्या मागील सभेत ठरलेलेच आहे. ते कशाने बदलावे, एवढाच प्रश्न आता उरला असून त्यासाठी पुढील दोन पर्यायांपैकी एकाला आपली मंजुरी हवी आहे. माझी शिफारस दुसऱ्या पर्यायाची आहे.

पहिला पर्याय : कौले व लाकूडकाम पूर्ण उतरवून लोखंडी कैच्या उभारणे आणि त्यांवर रंगीत पत्रा घालणे. खर्च ४,६०,००० रुपये. इमारत निधीत ५,२०,००० रुपये असल्याने तो त्यातच भागतो. काम सुमारे चार आठवड्यांचे आहे, वाळवीचा प्रश्न कायमचा मिटतो आणि माकडांनी कितीही उड्या मारल्या तरी काही फुटत नाही.

दुसरा पर्याय : कुजलेले वासे तेवढे बदलणे, वाशांवर साधा पत्रा घालणे आणि त्यावर पुन्हा आपली मंगलोरी कौले चढवणे. खर्च ६,०५,००० रुपये, म्हणजे निधीपेक्षा ८५,००० रुपये अधिक. ही रक्कम मुदत ठेवीतून काढावी लागेल. कामाला सात ते आठ आठवडे लागतील.

पहिला पर्याय स्वस्त, हलका आणि लवकर होणारा आहे, हे मी नाकारत नाही. कौलांचे वजन प्रति चौरस मीटर चाळीस किलोच्या आसपास भरते, तर पत्र्याचे जेमतेम पाच किलो. परंतु हा हलकेपणाच वादळात अंगाशी येतो. जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात दापोली-मंडणगड भागात घरांचे पत्रे कसे उडाले, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. पत्रा भक्कम जखडता येतो, हे खरे. तथापि वाचनालय ही मुख्यतः दुपारी बसून वाचण्याची जागा आहे आणि नुसत्या पत्र्याखाली एप्रिल-मेमध्ये उकाड्याने, तर जुलैमध्ये पावसाच्या आवाजाने बसवत नाही. खाली छत लावून आवाज कमी होईल, पण तो खर्च वरील आकड्यात धरलेला नाही आणि तो धरल्यास दोन पर्यायांतील अंतर बरेच कमी होते.

दुसऱ्या पर्यायात कौलांमुळे खालचा पत्रा तापत नाही, आणि कौल फुटले तरी पाणी पत्र्यावरून पन्हाळीत जाते, पुस्तकांच्या कपाटांवर येत नाही. गतवर्षी संदर्भ विभागातील कपाटे भर पावसात हलवावी लागली, तो प्रसंग केवळ कोन्याजवळची काही कौले फुटल्याने आला होता. माकडे पुढेही कौले फोडणारच, त्यामुळे दरवर्षी मे महिन्यात माणूस वर चढवून फुटकी कौले बदलण्याचा किरकोळ खर्च सुटणार नाही, हेही येथे स्पष्ट करतो.

या पर्यायात एका गोष्टीवर मात्र लक्ष ठेवावे लागेल. कौलांच्या आडव्या रिपा थेट पत्र्यावर मारल्या, तर त्यांच्यामागे पाणी आणि पाचोळा अडतो व पत्रा दोन-चार वर्षांत गंजतो. म्हणून आधी उताराच्या दिशेने उभ्या पट्ट्या आणि त्यांवर आडव्या रिपा, असे काम करण्याचे मिस्त्रींनी मान्य केले आहे, व दरपत्रकात तसे लिहूनही घेतले आहे. छपराला लागणाऱ्या सुमारे २,२५० कौलांपैकी साधारण १,५०० जुनी कौले पुन्हा वापरता येतील. ती ठोकून पाहिली असता खणखणीत वाजतात. उरलेल्या कौलांची किंमत वरील खर्चात धरली आहे.

मुदत ठेवीला कोणत्याही परिस्थितीत हात लावायचा नाही, अशी आपली भूमिका असेल, तर पहिला पर्याय घ्यावा. छप्पर आणखी एक पावसाळा ताडपत्रीवर काढण्यापेक्षा तो निश्चितच बरा.

शिमग्याची पालखी फिरेपर्यंत गावात गडी मिळणार नाहीत, त्यामुळे काम गुढीपाडव्यानंतर, ३१ मार्चला सुरू करण्याचे योजले आहे. दुसरा पर्याय मेअखेर पूर्ण व्हायचा तर त्याहून उशीर परवडणारा नाही, आणि साहित्याची आगाऊ रक्कम त्याआधी द्यावी लागेल. म्हणून शनिवार, २२ मार्चपर्यंत ‘पहिला’ किंवा ‘दुसरा’ एवढे जरी लेखी कळवले, तरी पुरेसे आहे. दुसरा पर्याय मान्य असल्यास ठेव मोडण्याच्या सोबतच्या अर्जावर सही करून तो त्याच वेळी परत पाठवावा, कारण बँकेला आपली व खजिनदारांची अशा दोन्ही सह्या लागतात. दोन्ही दरपत्रके आणि छपराची छायाचित्रे सोबत जोडली आहेत.

आपला विश्वासू,
कार्यवाह