केळी कंपनीचा स्वॉट : वार्षिक सभेची स्लाइड आणि ती दाखवताना बोलायचा मजकूर

स्लाइड

माल निर्यातीचा आहे, तो वेळेत थंड करायला आपली जागा नाही

उणीव (सगळ्यात मोठा चौकोन)
१. रावेरहून भाड्याच्या प्रीकूलिंगपर्यंत माल पोचायला मे महिन्यात ११ तास लागले.
२. कापणीचा दिवस व्यापारी ठरवतो, आपण नाही.

बळ
घडांना स्कर्टिंग बॅग घालणाऱ्या ६० सभासदांच्या १० पैकी ७ पेट्या निर्यातीच्या निवडीत बसल्या. बाकीच्यांच्या ३.

संधी
आखाती खरेदीदाराला जुलैपर्यंत आठवड्याला एक कंटेनर हवा आहे. अट : कापणीपासून ६ तासांत थंड खोली.

धोका
मे-जूनचं वादळ. आडव्या बागेतून कंटेनर भरत नाही.

आज ठरवायचं : भागभांडवल आधी प्रीकूलिंगला, चिप्सचा कारखाना पुढच्या वर्षी.

बोलायचा मजकूर

राम राम मंडळी. चार चौकोन सारखे नाहीत, ते मुद्दाम. आपलं घोडं अडलंय उणिवेत, म्हणून तिला जागा जास्त.

पहिल्या मसुद्यात "अनुभवी शेतकरी", "सुपीक जमीन", "वाढती स्पर्धा" असं बरंच होतं. ते यावलच्या कुठल्याही कंपनीच्या स्लाइडवर चाललं असतं, म्हणून काढलं. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा मला अभिमान आहे. पण ते साऱ्या जिल्ह्याचं आहे. खरेदीदार आपल्याच दारी का यावा, याचं उत्तर त्या ६० सभासदांच्या बागेत आहे.

आता ११ तासांचं बघा. निर्यातीची केळी १३-१४ अंशांवर ठेवावी लागते. आपल्याकडे मेमध्ये पारा ४५ च्या आसपास जातो. कापलेला घड तेवढा वेळ उन्हात तापला की फणी आतून पिकायला लागते. वरून हिरवीगार दिसते आणि जहाजात पिवळी पडते. स्कर्टिंग बॅगचा खर्च, वर्षभराची मेहनत, सगळं त्या एका दिवसात जातं. म्हणून खरेदीदाराची ६ तासांची अट मला जाचक वाटत नाही, रास्त वाटते. थंड खोली आपली झाली की कापणीचा दिवसही आपल्या हातात येतो. म्हणजे दोन्ही उणिवांचा उपाय एकच.

वादळाबद्दल कोणी म्हणेल, विमा आहे. विम्याने पैसे मिळतील, पण त्या आठवड्याचा कंटेनर रिकामाच राहील. म्हणून लागवड मृगबाग आणि कांदेबाग अशी वाटून घ्यावी लागेल, आणि बांधावर शेवरीचं कुंपण लागेल.

सीएमव्ही रोग या स्लाइडवर नाही. तो गंभीर आहे, पण आजच्या निर्णयात त्याने फरक पडत नाही. पावसाळ्याआधी त्याच्यावर वेगळी बैठक घेऊ.

चिप्सच्या बाजूने ज्यांना बोलायचंय त्यांनी आत्ता बोला. नंतर हात वर करून मत घेऊ.