उघडून बघू: चॅनेलचा ट्रेलर

(ओट्यावर मिक्सर. भांड्यात अर्धवट वाटलेली खोबऱ्याची चटणी. बटण फिरवलं, आवाज नाही.)

मी: डोसा तव्यावर आणि मिक्सर मध्येच गप्प! थांबा, लगेच नवीन बघायला निघू नका. बटण शून्यावर आणा. प्लग काढा. भांडं उतरवा आणि मिक्सर आडवा करा.

(कॅमेरा मिक्सरच्या बुडाशी. बोट लाल बटणावर.)

मी: हे दिसलं? भांड्यात जास्त कोंबलं, मोटर तापली, की हे बटण करंट तोडतं. थोडा वेळ गार होऊ द्या, मग दाबा. चटणी निम्मी काढून, जरा पाणी घालून पुन्हा लावा.

(मिक्सर घरघरतो.)

मी: चालू. खर्च शून्य.

बाबा (कॅमेऱ्यामागून): अगं, सारखं सारखं पडत असेल तर बुश जाम असेल, हेही सांग.

मी: त्याचा वेगळा व्हिडिओ करू, बाबा.

(चॅनेलचं नाव: उघडून बघू)

मी: नमस्कार! आम्ही पुण्याचे, नारायण पेठेतले. बाबांनी आयुष्यभर मिक्सर, पंखे, इस्त्र्या दुरुस्त केल्या. दुकान बंद केलं, पण शेजारपाजारचे अजून पिशवीत मिक्सर घालून येतातच. ते खोलतात, मी शूट करते आणि मध्ये मध्ये प्रश्न विचारून त्यांना वैताग आणते.

आता दुरुस्तीचे व्हिडिओ काय कमी आहेत? ढिगानं आहेत. पण बरेचसे थेट स्क्रू काढण्यापासून सुरू होतात. बिघाड नेमका कुठं आहे, हे ओळखायचं कसं? आमचा अर्धा व्हिडिओ तिथंच जातो.

(छताचा पंखा, रेंगाळत फिरणारा.)

मी: उदाहरणार्थ, हा. रेग्युलेटर पाचवर, तरी वारा नाही. किंवा नुसताच गुणगुणतो आणि झाडूच्या दांड्यानं ढकलल्यावर फिरतो. बहुतेक वेळा कंडेन्सर गेलेला असतो, मोटर नाही.

(शिडी. बाबा मीटरच्या बोर्डापाशी.)

बाबा: आधी एमसीबी पाडायचा. भिंतीवरचं बटण बंद केलं म्हणजे झालं, असं नाही. जुन्या वाड्यांच्या वायरिंगमध्ये बटण कधी कधी न्यूट्रलवर असतं. मग बटण बंद आणि पंख्यात करंट तसाच! टेस्टर लावून बघितल्याशिवाय वायरीला हात लावायचा नाही.

(हातात जुना कंडेन्सर, त्यावरची अक्षरं जवळून.)

मी: यावर २.५ एमएफडी लिहिलंय. नवा तेवढाच आणायचा. जास्त आकड्याचा लावला की पंखा जोरात पळेल, असं कुणी सांगितलं तर ऐकू नका, मोटर तापते.

(तापकीर गल्ली, बुधवार पेठ. बोर्डांची गर्दी, वायरींची भेंडोळी.)

मी: आणि हो, सुट्टे भाग! तापकीर गल्लीत गेलात की काउंटरवर गर्दी असते, दुकानदाराला तुमची कहाणी ऐकायला वेळ नसतो. म्हणून प्रत्येक व्हिडिओत पार्ट कोणत्या नावानं मागायचा, जुना सोबत न्यायचा का, आणि घरी आणल्यावर बसतो का हे कसं बघायचं, ते दाखवू. मिक्सरच्या कपलरचे आटे बहुतेक उलटे असतात. नेहमीसारखा फिरवून सोडवायला गेलात तर आणखी आवळला जातो. अशा गोष्टी डब्यावर छापलेल्या नसतात.

(मायक्रोवेव्ह. बाबा त्याच्यासमोर हात मागे बांधून उभे.)

मी: बाबा, हा कधी उघडायचा?

बाबा: हा नाही. प्लग काढला तरी आतल्या कंडेन्सरमध्ये हाय व्होल्टेज शिल्लक राहू शकतं. जीव जाईल. ज्याचं काम आहे त्याला बोलाव.

मी: म्हणजे चॅनेलचं नाव 'उघडून बघू' असलं तरी काही गोष्टी आम्ही उघडणार नाही. गॅसच्या रेग्युलेटरचंही तेच, तो थेट एजन्सीकडे. कुकरची रिंग, शिट्टी, गळका नळ, इस्त्रीची वायर मात्र तुम्ही घरी करू शकता. आणि कारागीर बोलवायचाच असेल, तर तो काय बदलतोय हे निदान कळेल.

(दोघं ओट्यापाशी. बाबा स्क्रू वाटीत ठेवतायत.)

मी: दर शनिवारी एक व्हिडिओ. पहिला याच मिक्सरचा, बुशसकट. चॅनेल सबस्क्राइब करा, म्हणजे मिक्सर बंद पडेल त्या दिवशी शोधत बसावं लागणार नाही. घरात काय बिघडलंय ते खाली लिहा. पण नुसतं 'चालत नाही' लिहू नका. आवाज येतो का, वास येतो का, कधीपासून, ते सांगा.

बाबा: आणि बुडाच्या स्टिकरचा फोटो काढून ठेवा. पार्ट आणताना मॉडेल नंबर लागतोच.