काम क्र. ७ : शाळेतल्या पावसाच्या २२ वह्या एका तक्त्यात उतरवणे

टिपण लिहिल्याची तारीख : १० ऑगस्ट २०२६
काम कुणासाठी : गावातलं कुणीही, पण दोघं हवीत. दोघांना संगणकावर तक्ता उघडता यावा आणि मराठी हस्ताक्षर वाचता यावं, एवढं पुरे.
पूर्ण करून देण्याची वेळ : शनिवार, १२ सप्टेंबर २०२६, संध्याकाळी ६.

काम कशासाठी

२ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत यंदा पहिल्यांदाच पाण्याचा ताळेबंद मांडायचा आहे. पाऊस किती झाला, त्यातलं हाताशी किती उरलं आणि तेवढ्यात रब्बीला काय पेरायचं, हे हिवरे बाजारची ग्रामसभा कित्येक वर्षं आकडे समोर ठेवून ठरवत आली आहे. आपण पुरंदरच्या कोरड्या अंगाला राहतो, त्यामुळे आपल्याला याची गरज जास्तच. ‘यंदा पाऊस बरा झाला’ एवढ्यावर कांदा लावायचा आणि जानेवारीत विहीर तळाला गेली की टँकरची वाट बघायची, हे पुरे झालं.

यंदाचा पाऊस आपण मोजतो आहोतच, पण एकट्या आकड्याला अर्थ नसतो, तो मागच्या वर्षांशेजारी ठेवावा लागतो. मागची वर्षं शाळेच्या कपाटात आहेत : २००४ ते २०२५, दर वर्षाची एक वही. त्या तक्त्यात आल्या की ग्रामसभेपुढे तीन गोष्टी ठेवता येतील : जून ते सप्टेंबरची सरासरी, पावसाचे दिवस (२.५ मिमी किंवा जास्त पाऊस झालेला दिवस), आणि दर वर्षी पावसाने सलग किती दिवस दडी मारली. माझ्या दृष्टीने तिसरी गोष्ट सगळ्यात मोलाची. आपली बाजरी एकूण पाऊस कमी पडल्याने जात नाही, ऑगस्टातल्या दडीने जाते.

सरासरी काढणं, आलेख करणं हा या कामाचा भाग नाही. ते काम क्र. ८. इथे फक्त वहीतलं तक्त्यात आणायचं आहे, जसंच्या तसं.

हाताशी काय आहे

मूळ वह्या शाळेच्या कार्यालयातल्या लोखंडी कपाटात, वरून दुसऱ्या कप्प्यात आहेत. किल्ली मुख्याध्यापक बाईंकडे असते. वह्या शाळेबाहेर न्यायच्या नाहीत, हे बाईंना मी कबूल केलं आहे. सगळ्या पानांचे फोटो काढून झाले आहेत. पंचायतीच्या संगणकावर `paus` या फोल्डरमध्ये वर्षवार ठेवलेत, ग्रामसेवक भाऊसाहेब पेन ड्राइव्हवर देतील. २००६ आणि २०१३चे काही फोटो अंधुक आलेत. ती दोन वर्षं शाळेत बसूनच उतरवा.

कोरा तक्ता `paus_kora.xlsx` त्याच फोल्डरमध्ये आहे. त्यात `ek` आणि `don` अशी दोन पानं आहेत आणि तारखा आधीच भरलेल्या आहेत : दर वर्षी १ जून ते ३० सप्टेंबर, म्हणजे १२२ दिवस, २२ वर्षांच्या मिळून २६८४ ओळी. काही वह्यांत ऑक्टोबरचीही पानं आहेत, पण सगळ्या वर्षांची नाहीत, म्हणून ती सोडायची.

एक वही एकाने उतरवायला साधारण ४० मिनिटं लागतात. मी २०१७ची करून पाहिली. म्हणजे प्रत्येकाला पंधरा तासांच्या आसपास. रोज तासभर बसलात तर गणपतीच्या धामधुमीआधी निवांत होईल.

कसं उतरवायचं

दोघांनी सगळ्या वह्या वेगवेगळ्या उतरवायच्या, एकाने `ek`मध्ये, दुसऱ्याने `don`मध्ये. एकमेकांचं बघायचं नाही. हे दुप्पट काम वाटेल, पण २६८४ आकड्यांत एकट्या माणसाच्या चुका त्याला स्वतःला दिसत नाहीत. दोघांची चूक एकाच ओळीत, तीही सारखीच होणं फार विरळा.

मागच्या वर्षी हेच काम मी ‘वह्या टाइप करून द्या’ एवढंच सांगून दिलं होतं. एकाने रिकाम्या जागी शून्य भरला, दुसऱ्याने आजूबाजूच्या दिवसांची सरासरी. दोघांनीही मनापासून केलं होतं. आम्हाला सगळं टाकून द्यावं लागलं आणि दोष माझ्या सांगण्यात होता. म्हणून पुढचा भाग आकडे भरण्याआधी दोघांनी एकत्र बसून वाचा.

*निरंक आणि रिकामं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.* वहीत ‘निरंक’, ‘नि.’ किंवा ० असेल तर मोजलं आणि पाऊस नव्हता. तिथे `0` भरून खूण `N`. जागा कोरी असेल तर त्या दिवशी काय झालं ते आपल्याला ठाऊक नाही. तिथे आकडा भरायचा नाही, खूण `R`. दडीचे दिवस मोजताना या एका फरकावर सगळं ठरतं : नऊ कोरडे दिवस, मग एक कोरी जागा, मग पुन्हा आठ कोरडे दिवस, असं असेल तर दडी अठरा दिवसांची होती असं आपण छातीठोक सांगू शकत नाही.

*रविवार.* शाळेला सुट्टी असली की मोजायला कुणी नसायचं. सोमवारी सकाळी दोन दिवसांचं पाणी एकदम मोजलं जायचं. उदाहरणार्थ, २० जुलै २०१४ला रविवार होता. वहीत त्यापुढे आडवी रेघ आहे आणि २१ तारखेला ४६.० मिमी. त्या ४६चे दोन भाग करायचे नाहीत. दोन्ही ओळींना खूण `E` (एकत्र), आकडा वहीत आहे तिथेच :

```
tarikh,mm,khun,shera
2014-07-20,,E,
2014-07-21,46.0,E,रविवार धरून
2014-07-22,0,N,
2014-07-23,,R,
```

*तारीख कोणती धरायची.* हवामान खात्याच्या रीतीने सकाळी ८.३०ला मोजलेला पाऊस मोजल्याच्या तारखेला लिहितात, जरी तो बराचसा आदल्या दिवशी पडलेला असला तरी. २६ जुलै २००५च्या मुंबईतल्या प्रलयाचा सांताक्रूझचा ९४४ मिमी हा आकडा २७ तारखेच्या सकाळी साडेआठपर्यंतच्या चोवीस तासांचा आहे, पण सगळ्यांच्या लक्षात २६ तारीखच आहे. आपल्या वह्यांतही हा घोळ आहे. २००४ ते २००९ गुरुजी आदल्या दिवसाची तारीख घालत, तसं २००४च्या वहीच्या पहिल्या पानावर त्यांनी लिहूनही ठेवलंय. २०१०पासून मोजल्याची तारीख आहे. तुम्ही काही सरकवू नका. वहीत ज्या तारखेपुढे आकडा आहे त्याच तारखेपुढे भरा. सरकवण्याचं काम नंतर एकाच वेळी, एकाच रीतीने मी करेन.

*२०११चा ग्लास.* १४ जुलै २०११ला जुना मोजग्लास फुटला आणि बाजारातून दुसरा आणला. आपल्या पर्जन्यमापकाचं तोंड २०० चौरस सेंटीमीटरचं आहे, म्हणजे २० मिली पाणी जमलं की १ मिमी पाऊस. नवा ग्लास १०० चौरस सेंटीमीटरच्या तोंडासाठीचा होता, त्यावर १० मिलीलाच १ मिमीची खूण. त्यामुळे त्या मोसमात पुढे प्रत्येक आकडा दुप्पट आलाय. योग्य ग्लास १ जून २०१२ला आला, तशी नोंद समासात आहे. १४ जुलै ते ३० सप्टेंबर २०११ हे आकडे निम्मे करून भरण्याचा मोह होईल. करू नका. आहे तसा आकडा आणि खूण `G`. निरंक दिवसाला मात्र `N`च. एकाने निम्मे केले आणि दुसऱ्याने नाही, तर पुन्हा कुणालाच कळणार नाही कोणता आकडा मूळ आहे.

*हस्ताक्षर.* गुरुजींचा १ आणि ९ सारखे दिसतात. दशांश टिंब ते ओळीच्या मध्यावर देत, कुठे कुठे ते पुसलंय, मग १२.४चं १२४ दिसतं. महिन्याच्या शेवटी त्यांनी बेरीज लिहिली आहे, तिच्याशी ताडून पाहिलं की बहुतेक वेळा उलगडा होतो. तरीही ठरत नसेल तर मूळ वही बघा, आणि तरीही नाही ठरलं तर जे वाचता आलं ते भरून खूण `S` (शंका). शंका नोंदवणं म्हणजे काम कच्चं राहिलं असं नाही. अंदाजाने भरलेला आकडा मात्र कुणालाच ओळखता येत नाही.

एवढी काटेकोरी का, तर एका हेक्टरवर १ मिमी पाऊस म्हणजे १० हजार लिटर पाणी. आपलं शिवार ९०० हेक्टरचं. ताळेबंदात १० मिमी चुकले तर ९ कोटी लिटर पाणी कागदावर येतं किंवा कागदावरून जातं, आणि त्या कागदावर लोक पेरणी करणार आहेत.

दोन्ही पानं ताडणं

`farak` या तिसऱ्या पानात हे सूत्र भरून ठेवलं आहे :

```
=IF(ek!B2&ek!C2=don!B2&don!C2,"","?")
```

ते बदलून साधं `ek!B2=don!B2` करू नका. तक्ता रिकाम्या घराला शून्याइतकंच धरतो, आणि नेमका निरंक-रिकाम्याचा फरकच त्यात झाकला जातो. जिथे `?` दिसेल तिथे दोघांनी मिळून मूळ पान बघायचं आणि ज्याचं चुकलं त्याने आपल्या पानात दुरुस्त करायचं.

काम झालं कधी म्हणायचं

`farak` पानावर एकही `?` नाही. २६८४ पैकी प्रत्येक ओळीत आकडा किंवा खूण, निदान एक तरी आहे. वहीत महिन्याची बेरीज असेल तिथे ती तक्त्याशी जुळते. जुळत नसेल तर त्या महिन्याच्या शेवटच्या ओळीच्या शेऱ्यात ‘वहीतली बेरीज अमुक’ असं लिहिलं आहे (गुरुजींच्या बेरजाही कुठे कुठे चुकल्या आहेत, त्यामुळे फरक निघणं हा तुमचा दोष नाही). शेवटी मुख्याध्यापक बाई कपाटातून कोणत्याही तीन वह्या काढतील, प्रत्येकीतल्या दहा तारखा तक्त्यात बघतील. तीसच्या तीस जुळल्या की काम संपलं. एक जरी चुकली तर ती अख्खी वही पुन्हा ताडायची.

त्यानंतर तक्ता `paus_2004_2025.xlsx` या नावाने त्याच फोल्डरमध्ये ठेवा आणि एक प्रत बाईंना द्या.

अडलं तर

वह्यांबद्दलच्या शंका गोळा करून आठवड्यातून एकदा मला द्या. गुरुजी आता सासवडला असतात, संध्याकाळी पाचनंतर फोनवर बोलतात. त्यांना एकेका आकड्यासाठी फोन नको, मी यादी घेऊन जाऊन येईन. फोल्डर किंवा संगणकाची अडचण असेल तर भाऊसाहेबांना थेट विचारा.

२९ ऑगस्टपर्यंत दोघांच्याही निदान बारा वह्या झाल्या नसतील तर मला त्याच दिवशी सांगा. तेव्हा कळलं तर आणखी दोघांना हाताशी घेता येईल, १० सप्टेंबरला कळलं तर काहीच करता येणार नाही.

काम घेणाऱ्या दोघांनी पंचायतीच्या फळ्यावर ‘काम क्र. ७’पुढे आपली नावं आणि कोण `ek`, कोण `don` ते लिहावं.