लग्नेशापासून अख्ख्या पत्रिकेपर्यंत

नवीन माणूस पत्रिका उघडली की पहिल्या घरापासून बाराव्यापर्यंत एकेक फळ सांगत सुटतो आणि शेवटी हातात बारा तुकडे उरतात. त्यापेक्षा एक धागा धरा. उदाहरणाला एका बाईंची ही पत्रिका घेऊ: भाद्रपद शुक्ल द्वादशी, श्रवण नक्षत्र, सकाळी साडेनऊचा जन्म, तूळ लग्न.

सुरुवात लग्नेशापासून. तुळेचा स्वामी शुक्र. तो बाराव्यात, कन्येत, म्हणजे नीच. इथेच घाबरून पेन खाली ठेवू नका. त्याच्या शेजारी कोण बसलंय ते पाहा: बुध, स्वतःच्या राशीत आणि उच्चही. ज्याच्या घरी पाहुणा आहे तो यजमान एवढा बळकट असेल तर नीचभंग होतो. शिवाय हा बुध भाग्येश. तेव्हा पहिली ओळ लिहा: ‘जन्मगावापासून लांब राहून, बारकाईच्या कामातून भाग्य.’

आता पत्रिकेत जोर कोणाचा? मी चारच प्रश्न विचारते: कोण स्वराशीत किंवा उच्च आहे, कोण केंद्रात आहे, लग्नाशी किंवा चंद्राशी कोणाचा संबंध आहे, दिग्बल, म्हणजे ठरावीक घरात बसल्याने मिळणारं बळ, कोणाला आहे. इथे लग्नात उच्चीचा शनी. तुळेला तो चतुर्थेश आणि पंचमेश, म्हणजे योगकारक, आणि चंद्रही त्याच्याच मकरेत. दिग्बल मात्र त्याला सप्तमात मिळतं, लग्नात नाही. ते चंद्राला आहे, कारण तो चौथ्यात बसलाय. वाढत्या पक्षाचा हा चंद्र दशमेश असून समोरच्या दशमाला, स्वतःच्याच कर्केला पाहतो.

म्हणजे शनी आणि चंद्र. एक शिस्त आणि जबाबदारी देतो, दुसरा माया. दोघं मिळून दशमावर दृष्टी टाकतात (शनीची दहावी, चंद्राची सातवी), म्हणून करिअरची ओळ या दोघांतूनच काढा: माणसांची सेवा, तीही चिकाटीने.

बाकीचे ग्रह आता झटपट. लाभातला स्वराशीचा रवी, तिसऱ्यातला धनूचा गुरू. प्रत्येकाला एकच विचारायचं: तू आधीच्या ओळीला दुजोरा देतोस की छेद? गुरू षष्ठेशही आहे, म्हणजे नोकरी आणि आजारपण. सेवेच्या ओळीला दुजोरा. बारावं घर रुग्णालयाचंही, हा दुसरा.

एखादी गोष्ट तीन ठिकाणी दिसली तरच बोला. हा नियम मी कधीच मोडत नाही, कारण समोरचा माणूस आपलं वाक्य वर्षानुवर्षं मनात धरून ठेवतो.

मग नवमांशात शुक्र सावरतो का ते तपासा आणि दशा लावा. श्रवणाच्या मध्यावर जन्म, म्हणजे चंद्राची पाच वर्षं शिल्लक; मंगळ बाराव्या वर्षापर्यंत, राहू तिसाव्यापर्यंत, नंतर गुरूची सोळा. या बाई आज चौतीस वर्षांच्या, म्हणजे गुरूतच आहेत. सगळं जोडून त्यांना सांगायचं वाक्य असं: ‘घरापासून लांब, रुग्णसेवेसारख्या कामात तुम्ही तग धरता, या दशेत कामाचा भार आणि कामातला शब्द, दोन्ही वाढतील.’