विषय: सोमवार, ३ ऑगस्ट २०२६ रोजी रुजू होण्याविषयी

प्रिय प्रसाद,

सप्रेम नमस्कार.

आपल्या फाउंड्रीच्या गुणवत्ता विभागात तुम्ही रुजू होत आहात, याचा आम्हा सर्वांना मनापासून आनंद आहे.

सोमवारी सकाळी ८.३० वाजता उद्यमबागेतील कारखान्याच्या मुख्य फाटकावर यावे. सुरक्षारक्षकाकडे तुमचे नाव दिलेले आहे. निपाणीहून बसने मध्यवर्ती बसस्थानकावर उतरल्यास तेथून खानापूर रस्त्याने उद्यमबागेकडे जाणारी शहर बस किंवा रिक्षा मिळते. पावसाचे दिवस आहेत, त्यामुळे पहिल्या दिवशी थोडे लवकर निघालेले बरे. दुपारचे जेवण कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये मिळेल.

येताना आधार, पॅन, दहावीपासूनच्या गुणपत्रिका, पदविकेचे प्रमाणपत्र, आधीच्या कंपनीचे कार्यमुक्तीपत्र व शेवटच्या तीन महिन्यांच्या पगारपावत्या, बँक पासबुकची प्रत आणि पासपोर्ट आकाराचे चार फोटो आणावेत. मूळ कागद पडताळून त्याच दिवशी परत दिले जातील. भविष्य निर्वाह निधीचा यूएएन क्रमांक आधीच असेल तर तोच कळवावा, दुसरा काढू नये. एक गोष्ट मात्र आजच तपासा. तुमचे शिक्षण कोल्हापूरला झाले आहे आणि आधार इकडचे आहे. तिकडच्या गुणपत्रिकेत आडनाव आधी आणि वडिलांचे नाव शेवटी येते, तर आधारवर अनेकदा केवळ आद्याक्षरे असतात. आधार, पॅन आणि बँक खाते यांवरील नाव किंवा जन्मतारीख जुळत नसेल, तर निधीचे खाते जोडताना काम अडते. फरक आढळल्यास शुक्रवारपर्यंत कळवा, म्हणजे दुरुस्तीचा अर्ज करण्यास आम्ही मदत करू.

पहिल्या आठवड्यात तुमच्याकडून उत्पादनाची कसलीही अपेक्षा नाही. सोमवारी कागदपत्रे आणि सुरक्षिततेचे प्रशिक्षण होईल. मंगळवारी व बुधवारी पॅटर्न, मोल्डिंग, भट्टी आणि फेटलिंग हे विभाग वरिष्ठ सहकाऱ्याबरोबर पाहाल. गुरुवारपासून प्रयोगशाळेत वाळूच्या व धातूच्या चाचण्या शिकाल आणि शनिवारी विभागप्रमुख तुमच्याशी सविस्तर बोलतील.

भट्टीजवळ एकट्याने जाऊ नये, ही कळकळीची विनंती. ओला भंगार वितळलेल्या धातूत पडला, तर पाण्याची क्षणात वाफ होऊन धातू बाहेर उसळतो, आणि ऑगस्टमध्ये हा धोका अधिक असतो. म्हणून सुती, पूर्ण बाह्यांचे कपडेच घालावेत. कृत्रिम धाग्याचे कापड उष्णतेने वितळून कातडीला चिकटते. सुरक्षा बूट, हेल्मेट आणि चष्मा आम्ही देऊ. बुटांचे माप या ईमेलच्या उत्तरात लिहावे. सूचनाफलक कन्नडमध्ये आहेत. त्यांतला एकही न समजता पुढे जाऊ नका, मजूर-मुकादम कोणीही तो मराठीत आपुलकीने समजावून सांगेल.

राहण्याची सोय अजून ठरली नसेल, तर तेही निःसंकोच कळवावे. टिळकवाडी आणि पिरनवाडी भागात आपले बरेच सहकारी राहतात, ते खोली शोधून देण्यास मदत करतील.

आपला विश्वासू,
व्यवस्थापक, मनुष्यबळ विभाग
उद्यमबाग, बेळगाव