पहिला गठ्ठा हातात घेण्याआधी

कराड
फेब्रुवारी २०२५

शाळेतल्या नव्या परीक्षक मंडळींना,
सप्रेम नमस्कार.

तुम्हा तिघांची यंदा दहावीच्या मराठीसाठी परीक्षक म्हणून नेमणूक झाल्याचं मुख्याध्यापकांनी फोनवर सांगितलं. "बाई, त्यांना चार शब्द लिहून पाठवा," म्हणाले. चार शब्दांत मला कधीच आवरता आलं नाही, हे त्यांनाही ठाऊक आहे. तेवीस वर्षं पेपर तपासले, त्यातली शेवटची सहा नियामक म्हणून. नियम तुम्हाला सभेत सांगतील, नमुना उत्तरपत्रिकाही मिळेल. मी सांगणार आहे ते तपासणाऱ्याबद्दल.

पहिल्या वर्षी मी स्वतःला फार न्यायी समजत होते. ऱ्हस्व-दीर्घाची चूक दिसली की पेन थांबायचं. १९९४ची गोष्ट. 'पावसाळ्यातील एक दिवस' हा निबंध होता. गठ्ठ्यातल्या जवळजवळ प्रत्येक मुलाच्या निबंधात आकाशात काळे ढग दाटून आले होते, मोर थुईथुई नाचत होता आणि मृद्गंध दरवळत होता. गाइडमधला मोर. मधेच एक पेपर आला, अक्षर म्हणजे मुंग्यांची रांग पुसल्यासारखं. जेमतेम अकरा ओळी. छप्पर गळायला लागल्यावर आईनं कुठं काय मांडलं, एवढंच त्यानं लिहिलं होतं. चुलीपाशी परात, दाराशी पातेलं, बापाच्या उशाशी तांब्या. भांडी संपली म्हणून बहिणीचा डबा. आणि शेवटी, 'वह्या पिपात ठेवल्या आनि पीठ भिजलं'. मी 'आनि'खाली रेघ मारली, 'पिपात'खाली मारली आणि निम्म्याहून कमी गुण देऊन पुढं गेले. मोरवाल्यांना मात्र भरघोस दिले होते.

आमचे नियामक वयस्कर होते, फार कमी बोलायचे. त्यांनी तो पेपर माझ्यासमोर सरकवला. "बाई, ह्यातली चूक सांगा. शुद्धलेखन सोडून." मी परत वाचला. चूक सापडेना. पिठाचं पिंप रिकामं करून त्यात वह्या ठेवल्या, म्हणून पीठ भिजलं, हेही मला तेव्हा कळलं. पहिल्या वाचनात ते वाक्य मी वाचलंच नव्हतं, फक्त तपासलं होतं. गुण वाढले. त्या दिवसापासून निबंध आधी पेन खाली ठेवून वाचायचा आणि मग पेन उचलायचं, अशी सवय लावून घेतली.

आता कृतिपत्रिका आल्यापासून गुणांची विभागणी नेमकी झाली आहे. पत्राला किंवा सारांशाला ६, जाहिरात-बातमी-कथेपैकी दोहोंना ५-५, लेखनकौशल्याला ८. तरीही त्या आठात पाच द्यायचे की सहा, हे तुमचंच मन ठरवतं, आणि मन दिवसभर एकसारखं राहत नाही. बी.एड.ला शिकला असाल, १९१२ साली अमेरिकेत स्टार्च आणि एलियट यांनी इंग्रजीच्या त्याच दोन उत्तरपत्रिका कितीतरी शिक्षकांकडून तपासून घेतल्या आणि गुणांत प्रचंड तफावत निघाली. लोक म्हणाले, भाषेचं असंच असतं. मग त्यांनी भूमितीचा पेपर दिला, तर तिथं तफावत आणखी वाढली. परीक्षेसाठी मी हे पाठ केलं होतं. खरं पटलं ते माझ्याच गठ्ठ्यात, एकाच माणसात सकाळ-दुपारी फरक पडतो हे पाहिलं तेव्हा.

कसं पाहिलं ते सांगते. दुपारी जेवण झाल्यावर सकाळचे पहिले तीन पेपर पुन्हा काढले, गुणांवर कागद ठेवला आणि फक्त लेखनकौशल्य परत तपासलं. दोन पेपरांत माझाच माझ्याशी दीड-दोन गुणांचा फरक! सकाळी मी उदार होते, दुपारी कावलेली. चाळीस वेळा तोच मोर नाचून गेला की एक्केचाळिसाव्या मोराचा राग येतो. पण त्या एक्केचाळिसाव्या मुलानं बाकीचे चाळीस वाचलेले नसतात. गाइडातल्या उत्तराला तुम्ही चार देणार असाल तर पहिल्यालाही चार आणि शेवटच्यालाही चारच. हे वाटतं तितकं सोपं नाही.

म्हणून शक्य असेल तिथं एकाच पेपरचे सगळे प्रश्न सलग तपासू नका. आठ-दहा पेपर घ्या, सगळ्यांचं आकलन तपासा, मग सगळ्यांचं रसग्रहण, मग पत्र. पहिल्या प्रश्नात मूल चमकलं की पुढच्या कच्च्या उत्तरालाही आपण नकळत अर्धा गुण जास्त टाकतो. घसरलं तर उलटं. सुंदर अक्षराचंही तसंच. टपोऱ्या, निळ्याशार अक्षरातलं पोकळ उत्तर पटकन गुण घेऊन जातं.

कोकण मंडळ वेगळं होण्याआधी रत्नागिरी-सिंधुदुर्गाचे गठ्ठेही आमच्याकडे यायचे. बैठक क्रमांकावरून नाही, शब्दांवरून कळायचं मूल कुठलं ते. आमच्याकडचीही मुलं 'लोनी', 'पानी' लिहितात. 'ण' त्यांच्या घरात बोललाच जात नाही. शुद्धलेखनाचे गुण जिथं ठरलेले आहेत तिथंच आणि तेवढेच कापा. तीच चूक पाच ठिकाणी आली म्हणून पाच वेळा दंड लावू नका. बोलीतला शब्द संवादात शोभत असेल तर त्याला रेघ मारण्याआधी दोन सेकंद थांबा.

काठावरच्या मुलांबद्दल विचाराल. माझं मत कडक वाटेल. बेरीज पाहून गुण 'काढायला' जाऊ नका. सवलतीचे गुण द्यायचे की नाही, ते मंडळ बघतं. काठावरचा पेपर दिसला की तो पुन्हा एकदा नीट तपासा, आणि गुण कमी झाले तरी मान्य करा. फक्त मग शेजारच्या अडुसष्टवाल्याचाही तपासा. त्याचा अर्धा गुण राहिला असेल तर त्याच्यासाठी कुणी हळहळत नाही.

कधी पेपरात चिठ्ठी निघते, 'बाई पास करा, वडील वारले'. एकदा शंभराची नोट निघाली होती. वाचून गलबलतं, पण चिठ्ठी खरी की खोटी हे आपल्याला कळायला मार्ग नाही, आणि ज्याचे वडील खरंच वारले आणि ज्यानं काहीच लिहिलं नाही, तोही त्याच गठ्ठ्यात असतो. नियामकांना सांगा, पेपर आहे तसा तपासा. ओळखीचे फोनही येतील. "बघतो" असंही म्हणू नका, सरळ "नाही" म्हणा.

एक चूक कबूल करते. एका वर्षी पुरवणीतलं अख्खं पत्र माझ्या नजरेतून सुटलं. दोरा सैल होता, पानं चिकटली होती. नियामकांनी पकडलं म्हणून निभावलं, नाहीतर एका मुलीचे पाच गुण माझ्या आळसात गेले असते. त्या रात्री झोप लागली नाही. तेव्हापासून प्रत्येक पान उलटून शेवटच्या कोऱ्या पानावरही खूण करते. मुलं 'उत्तर मागे पाहा' लिहून भलतीकडेच उत्तर देतात. बेरीज दोनदा करा, दुसऱ्यांदा खालून वर. मुखपृष्ठावर गुण उतरवताना ६ आणि ९ नीट काढा.

आणि हो, गठ्ठा ताब्यात घेताना सहीआधी मोजून घ्या, सगळ्यांसमोर. मला एकदा एक पेपर कमी मिळाला होता, आणि तो सापडेपर्यंतचे दोन तास कसे गेले ते भेटल्यावरच सांगेन. रविवारी घरीच असते, चहाला या.

तुमची,
जाधवबाई