सुमनबाई, वय ३८ : पाठीच्या मणक्यासाठी संदर्भपत्र

दिनांक : ९ सप्टेंबर २०२५
धारूर, जि. बीड

प्रति,
मा. विभागप्रमुख, अस्थिरोग विभाग,
शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय (घाटी), छत्रपती संभाजीनगर

विषय : डी-१२ मणका दबलेला आहे. हाड ठिसूळ होऊन दबला की क्षयरोगामुळे, याचा निर्णय आणि पुढील उपचार.

सर,
सा. न. वि. वि.

सोबत सुमनबाई यांना पाठवत आहे. ऊसतोड मजूर, धारूर तालुक्यातल्या डोंगरपट्ट्यातलं गाव. बरोबर धाकटा भाऊ आहे. तो वाळूजला कंपनीत कामाला असतो, तपासण्या होईपर्यंत बाई त्याच्याकडेच राहतील. म्हणून अंबाजोगाई जवळ असूनही तुमच्याकडे पाठवते आहे. पत्र मराठीत लिहिण्याचं कारणही भाऊच. पुढची धावपळ तो करणार आहे. यातला मजकूर मी बाईंना वाचून दाखवला आहे आणि भावाने तो वाचायला त्यांची हरकत नाही.

नेमकी अडचण अशी. फेब्रुवारीत कारखान्यावर असताना मोळी डोक्यावर घेऊन ट्रकला लावलेल्या फळीवरून चढताना पाठीत ‘कट्’ झालं आणि जागेवर बसल्या. पडल्या नाहीत, वरून काही पडलं नाही. आठ दिवस कोपीत झोपून काढले आणि पुन्हा फडात गेल्या. मार्चअखेर गावी आल्यापासून दुखणं कमी-जास्त होत राहिलं, थांबलं नाही. बसलेलं उठताना, खोकताना, कुशीवर वळताना कळ येते. पडून राहिलं की बराच आराम पडतो. मात्र गेल्या दीड महिन्यापासून रात्री झोपेतूनही जाग येते, असं त्या सांगतात. हे मला नवीन वाटतं आणि म्हणूनच आता थांबले नाही.

ताप मोजलेला नाही. विचारलं तर ‘ताप नाही बाई, संध्याकाळची कसर असती’ एवढंच. माझ्याकडे तीनदा संध्याकाळी बोलावून पाहिलं, दोनदा ९८.६, एकदा ९९.८. वजन मार्चमध्ये ४७ किलो होतं, आता ४३. भूक कमी आहे. खोकला नाही. लघवी-संडासवर ताबा आहे, पायाला मुंग्या नाहीत.

दिराला दोन वर्षांपूर्वी फुफ्फुसाचा क्षयरोग झाला होता, थुंकीत जंतू सापडले होते. औषधं त्याने पूर्ण केली. पण निदान होण्याआधीचा अख्खा हंगाम तो याच कुटुंबासोबत एका कोपीत होता.

आता दुसरी बाजू, जी मला तितकीच महत्त्वाची वाटते. वयाच्या २६ व्या वर्षी, २०१३ मध्ये, एका खाजगी दवाखान्यात यांची पिशवी काढली. तक्रार अंगावरून पांढरं जाण्याची आणि कंबरदुखीची होती. ‘पिशवी खराब झाली, ठेवली तर कॅन्सर होईल’ असं सांगितल्याचं त्या म्हणतात. कागद एकही नाही. ना डिस्चार्ज कार्ड, ना काढलेल्या पिशवीचा तपासणी अहवाल. आमच्या जिल्ह्यातल्या ऊसतोड बायांच्या या ऑपरेशनांवर २०१९ मध्ये शासनाने समिती नेमली होती, ते तुम्हाला ठाऊक आहेच. अंडाशय ठेवले की काढले, हे बाईंना कुणी सांगितलं नव्हतं. ऑपरेशननंतर दोन महिन्यांतच अंगातून वाफा निघणं आणि रात्री घामानं लुगडं भिजणं सुरू झालं होतं, हे त्यांनी खोदून विचारल्यावर सांगितलं. त्यावरून शंका आली. सोनोग्राफीत दोन्ही अंडाशय दिसत नाहीत आणि एफएसएच ७१ आलं आहे. म्हणजे बारा वर्षं ही बाई पाळी गेलेल्या बाईच्या हाडांवर मोळ्या वाहते आहे, आणि या काळात हार्मोनची एक गोळीही मिळालेली नाही.

तिसरी गोष्ट पुड्यांची. दर हंगामात कारखान्याच्या भागात अंगदुखीसाठी कागदाच्या पुडीत सुट्या गोळ्या मिळतात. दोन रंगीत, एक बारीक पांढरी. ‘पांढरी घेतली की दिवसभर काही वाटत नाही, भूक बी लागती’. ही पांढरी गोळी स्टेरॉइड असावी असा माझा दाट संशय आहे. पुरावा नाही, कारण पाकीट कधी मिळालंच नाही. पाच-सहा हंगाम, हंगामात बहुतेक दिवस, असा अंदाज निघतो. गावी आल्यावर बंद होते. चेहरा सुजलेला नाही, पोटावर जांभळे पट्टे नाहीत, रक्तदाब ११२/७०. सकाळचं कॉर्टिसॉल केलेलं नाही. काही शस्त्रक्रिया करायची ठरली तर एवढं आधी पाहावं, ही विनंती.

बाकी इतिहास थोडक्यात : लग्न पंधराव्या वर्षी, दोन बाळंतपणं घरीच, मुलगा २१ आणि मुलगी १९ वर्षांची. मधुमेह, रक्तदाब, दमा नाही. मिश्री लावतात. दूध जवळजवळ नाही; जेवण भाकरी, ठेचा, डाळ. आईच्या बाजूला कुणाला स्तनाचा कॅन्सर नाही, पायाच्या शिरेत गुठळी कधी झालेली नाही. कुठल्याही औषधाची ॲलर्जी माहीत नाही.

तपासणीत : डोळे-नखं फिकट, गाठी कुठेही नाहीत, स्तन तपासले, व्यवस्थित. यकृत-प्लीहा हाताला लागत नाही. पाठीत डी-१२ च्या जागी किंचित उंचवटा आहे, त्यावर मुठीने हलकं ठोकलं तरी दचकतात. दोन्ही बाजूंचे स्नायू ताठ. पुढे वाकणं जवळजवळ बंद. उकिडवं बसल्यावर उठताना दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून, अंगावर चढत असल्यासारख्या उठतात. हे निव्वळ दुखण्यामुळे की मांडीच्या स्नायूंत ताकद कमी आहे, ते मला ठरवता आलं नाही. मांडी उचलण्याची ताकद ४+, पण तेव्हा दुखतंही. बाकी पायांची ताकद ५, गुडघ्या-घोट्याचे झटके दोन्हीकडे सारखे, तळव्याची बोटं खाली जातात, स्पर्श व्यवस्थित.

रक्त (बीड, २८ ऑगस्ट) : हिमोग्लोबिन ९.४, पांढऱ्या पेशी ७,२००, ईएसआर ४६, सीआरपी ९. क्रिएटिनिन ०.७, उपाशीपोटी साखर ९२. कॅल्शियम ८.७, अल्ब्युमिन ३.६, फॉस्फरस २.४, अल्कलाइन फॉस्फटेज १८८. व्हिटॅमिन डी ९.८. टीएसएच २.८. एचआयव्ही निगेटिव्ह. छातीचा एक्स-रे स्वच्छ. पीटीएच आणि सीरम प्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिस इथे केलेलं नाही.

पाठीचा एक्स-रे सोबत आहे. डी-१२ पुढच्या बाजूने साधारण एक तृतीयांश दबला आहे. पेडिकल दोन्ही दिसतात. मणक्याच्या बाजूला पूची सावली मला दिसत नाही. अडकले आहे ते डी-१२ आणि एल-१ मधल्या चकतीवर. ती जागा किंचित कमी वाटते. पण फिल्म तिरकी आहे, त्यामुळे तसा भास होत असेल. चकती शाबूत असेल तर मी ठिसूळ हाडाच्या बाजूने झुकेन, बसलेली असेल तर क्षयरोगाच्या. सगळे मणके एकूण फिकेच आहेत. ईएसआर ४६ चा अर्थ हिमोग्लोबिन ९.४ असताना किती लावावा, हाही प्रश्नच.

माझ्या मते शक्यता अशा क्रमाने : अंडाशय लवकर गेल्याने (आणि बहुधा स्टेरॉइडने) ठिसूळ झालेलं हाड, त्यावर व्हिटॅमिन डी कमी असल्याने हाड मऊ होण्याची भर, मग क्षयरोग, मायलोमा किंवा दुसरीकडून पसरलेला कॅन्सर शेवटी, पण नाकारलेला नाही. वजन घटलं नसतं तर मी क्षयरोग इतका वर ठेवला नसता.

आतापर्यंत दिलेलं : डायक्लोफेनॅकची इंजेक्शनं बंद केली. पॅरासिटामॉल ६५० मि.ग्रॅ. दिवसातून तीनदा, कॅल्शियम ५०० मि.ग्रॅ. दोनदा, लोह, व्हिटॅमिन डी ६०,००० युनिटचे दोन साप्ताहिक डोस झाले. कमरेचा पट्टा दिला आहे, तो डी-१२ ला फारसा उपयोगाचा नाही हे मान्य. क्षयरोगाची औषधं सुरू केलेली नाहीत. लिव्होफ्लॉक्सासिनसारखं प्रतिजैविकही मुद्दाम दिलेलं नाही, नाहीतर जंतू मिळायचे असतील तर मिळणार नाहीत. हाडाची साप्ताहिक गोळीही दिली नाही, कारण आधी व्हिटॅमिन डी भरून यावं आणि निदान पक्कं व्हावं.

आपल्याकडून हवं ते असं :

पहिलं, एमआरआय करून हा मणका नेमका कशाने दबला ते ठरवावं. चित्र संदिग्ध आलं तर ‘घ्या सहा महिने टीबीच्या गोळ्या, बघू’ यापेक्षा सुईने तुकडा काढून सीबीनॅट आणि पॅथॉलॉजी दोन्हीला पाठवावा, ही आग्रहाची विनंती. अंदाजाने सुरू केलेले उपचार मध्येच सुटले, तर पुढे निदान कुणालाच लागणार नाही.

दुसरं, हाड ठिसूळ असेल तर डेक्सा करून औषध कोणतं आणि किती काळ, हे लिहून द्यावं. वय ३८ आहे, पिशवी नाही, त्यामुळे नुसतं इस्ट्रोजेन नैसर्गिक पाळी जाण्याच्या वयापर्यंत देता येईल असं मला वाटतं. स्त्रीरोग विभागाचं मत आपल्याच ओपीडीतून घेता आलं तर बाईंची एक खेप वाचेल. सुरू कोण करणार, इथे मी की तिथे ते, एवढं स्पष्ट असावं.

तिसरा प्रश्न वैद्यकीय आहे की नाही माहीत नाही, पण उत्तर वैद्यकीयच लागेल. दसरा २ ऑक्टोबरला आहे, त्यानंतर टोळ्या निघतात. या नवरा-बायकोच्या कोयत्यावर मुकादमाकडून लाखाच्या वर उचल घेतलेली आहे आणि ती मुलीच्या लग्नात खर्च झाली आहे. ‘आराम करा’ एवढ्या शब्दांवर काही थांबणार नाही, मी सांगून पाहिलं. किती किलोपर्यंत वजन चालेल, किती महिने नाही, फळीवर चढायचं की नाही, असं आकड्यांत लिहिलेलं आपल्या विभागाचं पत्र मिळालं तर नवरा ते मुकादमाला दाखवायला तयार आहे. बाईंऐवजी पुतण्याला नेण्याचं बोलणं चालू आहे.

पाय जड पडणं, लघवी अडकणं, दोन्ही मांड्यांच्या आत बधिरपणा आला तर तारखेची वाट न पाहता थेट अपघात विभागात जायचं, हे भावाला दोनदा सांगितलं आहे.

क्षयरोग निघाला तर निक्षयवर नोंद आणि औषधं मी इथून सांभाळेन. कारखान्यावर गेल्या तरी तिथल्या आरोग्य केंद्राकडे बदली करून देता येते. इस्ट्रोजेन किंवा हाडाचं इंजेक्शन ठरलं तरी पुढचा पाठपुरावा माझ्याकडेच ठेवावा.

बाईंजवळ रेशनकार्ड आणि आधार आहे, महात्मा जोतिराव फुले योजनेच्या खिडकीवर आधी जायला सांगितलं आहे. एक्स-रेची फिल्म, रक्ताचे रिपोर्ट आणि सोनोग्राफी पिवळ्या पिशवीत आहेत. सासूला ‘टीबीची तपासणी’ हा शब्द कळू नये अशी बाईंची इच्छा आहे, तेव्हा चिठ्ठीवर तो मोठ्या अक्षरात येऊ नये.

माझा नंबर लेटरहेडवर आहे. दुपारी दोन ते चार ओपीडी नसते, तेव्हा फोन हमखास लागेल.

आपली,
डॉ. व. जोगदंड, एम.बी.बी.एस.
फॅमिली डॉक्टर, धारूर